बुणगे नसते तर फौज आठवडाभरात बसली असती

दर वर्षी 14 जानेवारी जवळ आली की तेच वाक्य सगळीकडे फिरतं: "भाऊसाहेबांनी एवढे बुणगे बरोबर नेले म्हणून पानिपत गेलं." आपल्या नागपूरच्या गटांतही फिरतं, भाषणांतही ऐकू येतं. ते अर्धवट आहे, आणि त्यात हजारो कामकरी माणसांवर अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज लढणाऱ्यांबद्दल लिहीत नाही. त्यांच्या मागे चालणाऱ्या बुणग्यांबद्दल लिहितो.

आधी माणसं कोण ते बघा. घोड्यामागे मोतद्दार, तंबूमागे फरास, तोफेमागे बेलदार आणि खलाशी, जखमींच्या डोलीला भोई, पाण्याला पखालजी. लोहार, नालबंद, सुतार, जीनगर, चांभार, परीट. वाणी, सराफ, कलाल, भडभुंजे. दळणाऱ्या बाया. आणि या सगळ्यांच्या मागे-पुढे बंजाऱ्यांचे तांडे. यातला कुणीही हौस म्हणून चाललेला नव्हता. हौशी आणि यात्रेकरू वेगळे, त्यांच्याबद्दल पुढे येतोच.

सरकार सैनिकाला जेवू घालतं ही कल्पना आपल्या डोक्यात आजच्या लष्करावरून आली आहे. अठराव्या शतकातल्या मराठा फौजेत, आणि बऱ्याच अंशी कंपनीच्या देशी पलटणींतही, शिपाई आपल्या पगारातून बाजारात धान्य विकत घेई आणि आपली चूल आपण पेटवी. मुदपाकखाना सरदारांचा असे, फौजेचा नसे. त्यामुळे बाजार बरोबर नसेल तर खिशात रुपये असूनही माणूस उपाशी.

हिशेब मांडून बघू. 1742 मध्ये भास्करराम कोल्हटकर भोसल्यांची फौज घेऊन नागपूरहून बंगालवर गेले. त्यांच्या फौजेचा नेमका आकडा इथे महत्त्वाचा नाही, हिशेबापुरते दहा हजार स्वार धरू. स्वारामागे दोन माणसं, म्हणजे एकूण तीस हजार तोंडं. माणशी पाऊण किलो धान्य धरलं तर रोजचं साडेबावीस टन. घोड्याला हरभरा किंवा कुळथाची चंदी अडीच किलो, म्हणजे आणखी पंचवीस टन. बेरीज सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टन, रोजची. लादणीच्या बैलावर दोन्ही बाजूंच्या गोण्या मिळून साधारण सव्वाशे किलोपर्यंत वजन जातं. म्हणजे फौजेला एका दिवसाला चारशे बैल लागतात.

पण बैल नुसते चारशे असून भागत नाही. लादलेला तांडा सावकाश चालतो, वाटेत चरतो, दिवसाला दहा-बारा किलोमीटरच्या पुढे जात नाही. धान्याचा मुलूख साठ किलोमीटरवर असेल तर जायला पाच-सहा दिवस आणि यायला तेवढेच. म्हणजे जवळपास पाच हजार बैल कायम वाटेवर असले तरच रोज चारशे गोण्याजोड्या छावणीत उतरतील. अंतर दुप्पट झालं की बैलही दुप्पट. गाडी-बैलांनी हे होत नसे, कारण गाडीला वाट लागते आणि तिच्या बैलाला दाणा लागतो. तांड्याचा बैल पायवाटेने, नाल्यातून, घाटातून जातो आणि रानात चरून पोट भरतो. धान्य वाहणाऱ्या जनावराने धान्यच खाऊ नये, यावर सगळा व्यवहार उभा होता.

म्हणून तांड्याच्या नायकाला बादशहापासून सरदारापर्यंत सगळे जपत. बंजारा धान्य लढणाऱ्या दोन्ही बाजूंना विकत असे आणि दोन्ही बाजू बहुधा त्याच्या बैलांना हात लावत नसत. आज शत्रूचा तांडा लुटला तर उद्या आपल्याकडे कुणी येणार नाही, हे प्रत्येक सेनापतीला ठाऊक होतं. तांडा हुकुमाने येत नाही, भावाने येतो. छावणीत दर पाडून बांधून दिला की नायक दुसऱ्या छावणीकडे वळतो, आणि चार दिवसांनी बाजारात ज्वारी दिसेनाशी होते. त्या काळच्या बातमीपत्रांत धारण, म्हणजे रुपयाला किती शेर धान्य, ही बातमी लढाईच्या बातमीइतकीच आवर्जून दिलेली असते. फौजेची प्रकृती तिच्यावरून कळे. धारण दहा शेरांवरून चारवर आली की समजावं, मागची वाट कुठेतरी तुटली आहे.

आता बाजार बसायचा कसा, ते बघण्यासारखं आहे. 1809 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने ते बारकाईने लिहून ठेवलं आहे. कूचाच्या दिवशी बिनीवाले पहाटेच पुढे जात आणि नव्या मुक्कामावर सरकारी डेऱ्यांच्या जागी एक लहान पांढरं निशाण रोवत. मग एकेका बाजाराचं निशाण येई तसतसं लागे, आणि दर मुक्कामी त्याच क्रमाने. दुकानांच्या दोन रांगा समोरासमोर, मधे रस्ता, फौजेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जमीन नवी, गाव नवं, पण आपला वाणी कुठे बसला आहे हे शिपायाला न विचारता कळे. दमलेल्या, भुकेल्या हजारो माणसांना संध्याकाळच्या आत चुलीपर्यंत पोचवायचं तर अशी शिस्त लागतेच. मराठ्यांची छावणी म्हणजे नुसता गोंधळ, हे चित्र मला म्हणूनच पटत नाही.

वाण्याचं खरं भांडवल त्याच्या गोण्यांत कमी आणि वहीत जास्त होतं. पगार महिनोन्महिने थकत. त्या काळात शिपाई जगायचा तो वाण्याच्या उधारीवर. वाण्याने उधार बंद केलं की पलटण धरणं धरायची किंवा माणसं रात्री निघून जायची. आणि पगार आला तरी तो कोणत्या नाण्यात आला हा प्रश्न उरतो. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात कमी किमतीला चाले, म्हणून सराफ बट्टा कापून चालू नाणं देई. बट्टा जबर असे, तक्रारी खूप असत, पण सराफ नसेल तर हातातल्या नाण्याला ज्वारी मिळत नसे.

धान्य मिळालं म्हणजे भाकरी मिळाली असं नाही. मधे दळण आहे, आणि युद्धाच्या इतिहासात ते कुणी मोजत नाही. तीस हजार माणसांची साडेबावीस टन ज्वारी दळायची. सवयीची बाई जात्यावर तासाला तीन किलोच्या आसपास दळते. साडेसात हजार तासांचं काम झालं, तेही रोजचं. चार-चार तास दळलं तर दोन हजारांच्या जवळपास जाती फौजेबरोबर हवीत, ती वाहायला जनावरं हवीत आणि ओढायला हात हवेत. दिवसभर चालून आलेल्या बाया रात्री आणि पहाटे हे काम करत. काही शिपायांच्या बायका होत्या, काही मोतद्दारांच्या, काही दळणावरच पोट असलेल्या. जात्याला ठरावीक दिवसांनी टाकी लावावी लागते, नाहीतर पाळी गुळगुळीत होते आणि पिठाऐवजी भरड पडते. भरडीची भाकरी थापता येत नाही, आणि ती खाऊन पोटं बिघडतात. म्हणून टाकारीही छावणीत हवा. लढाईच्या आदल्या दिवशी चूल पेटवायची सोय नसे तेव्हा भडभुंज्याचे फुटाणे आणि लाह्या कामाला येत. मद्रासी पलटणी भात खाणाऱ्या, त्यांना दळणाचा हा त्रास नव्हता. पण तांदूळ मिळेल असा मुलूख शोधत त्यांना जावं लागे.

घोड्याच्या गवताचा हिशेब याहून कठीण आहे. घोड्याला चंदीशिवाय रोज पंचवीस किलोच्या आसपास ओलं गवत लागतं. दहा हजार घोड्यांचं झालं अडीचशे टन. हे तांड्यावर आणणं शक्यच नाही, ते मुक्कामाच्या आसपासच कापावं लागतं. त्याला कही म्हणत. मोतद्दार खुरपं घेऊन सकाळी निघे, हरळी मुळासकट खरवडून काढी, माती झटकून, जमल्यास धुऊन, भारा बांधून आणी. मुळं ठेवायची कारण कस मुळांत असतो. माती झाडायची कारण ती पोटात साचली की घोड्याला शूळ उठतो. एका माणसाचा अर्धा दिवस एका घोड्यामागे जातो. पहिल्या दिवशी गवत तंबूजवळ मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी आठ-दहा किलोमीटर जावं लागतं, आणि मग जाणं, कापणं, डोक्यावर भारा घेऊन परतणं यात दिवस मावळतो. भारा लहान होतो, घोड्याच्या बरगड्या दिसू लागतात. घोडदळाची फौज एका जागी फार दिवस का बसत नसे, याचं सगळ्यात साधं कारण हे आहे.

आता पानिपतकडे या. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा घेतला तेव्हा तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीकडची वाट त्याच्या हातात गेली. तिथून पुढे अडीच महिने फौज एकाच जागी. गंगा-यमुनेच्या मधल्या अंतर्वेदीतून रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. म्हणजे तांड्याची वाट बंद झाली, आणि एका जागी बसल्यामुळे गवत संपलं. मग कहीला लांब जावं लागलं, तेही रात्री. काशीराजाच्या वृत्तांतात आहे की गवत-लाकडासाठी अंधारात बाहेर पडलेल्या वीस हजार बुणग्यांना शाहपसंदखानाच्या स्वारांनी गाठून कापलं. आकडा फुगवलेला असेल, पण घटना काय सांगते ते बघा. शत्रूने मुद्दाम मोतद्दार आणि कबाडी मारले. गवतकापे मेले की घोडी मरतात हे त्याला पक्कं माहीत होतं. ज्यांना मारण्यासाठी अफगाण स्वार रात्रीचे दबा धरून बसत, त्यांना आपण "ओझं" म्हणतो.

यात्रेकरू आणि कुटुंबकबिला हे ओझंच होतं, ते मी नाकारत नाही. काशी-मथुरेच्या आशेने आलेल्या माणसाने ना गवत कापलं, ना दळलं, आणि त्याला दोन वेळा खायला मात्र लागलं. पण ही माणसं आणि कामकरी माणसं एकाच शब्दात कोंबून सगळ्यांना दोष दिला जातो, माझा आक्षेप तिथे आहे. मुख्य दोष वाट तुटण्याचा. ती उघडी असती तर जास्तीची तोंडं महाग पडली असती, पण त्यांनी घात केला नसता.

याचा पुरावा तीस वर्षांनी दक्षिणेत मिळतो, आणि तो प्रसंग मराठी शाळेत शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं. टिपूविरुद्ध 1791 साली मराठे, निजाम आणि इंग्रज एकत्र होते. मार्चमध्ये बंगळूर घेऊन मे महिन्याच्या सुरुवातीला लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर निघाला. टिपूने वाटेवरचं गवत जाळून टाकलं होतं. बरोबर निजामाचे हजारो घोडेस्वार, उरलंसुरलं गवत त्यांनी संपवलं. वर जनावरांत रोग पसरला. बैल पडू लागले तशा तोफा माणसांनी ओढल्या, आणि तोफेचे गोळे छावणीतल्या बाजारू माणसांनी आणि बायांनी पैसे घेऊन डोक्यावरून वाहिले. 15 मे रोजी अरकेरेजवळ कॉर्नवॉलिसने टिपूला हरवलं. राजधानी समोर दिसत होती. पण तोफा ओढायला बैल नाहीत, शिपायांना तांदूळ पुरत नाही, बाजारातला दर कुणाला परवडत नाही. जिंकलेल्या सेनापतीने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हाताने फोडल्या, गोळे पुरले, आणि 26 मे रोजी माघार घेतली.

त्याच दिवशी समोरून घोडेस्वार दिसले. टिपूचे समजून इंग्रजांनी लढायची तयारी केली. ते निघाले मराठे: हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा. मराठ्यांनी आधी जासूद पाठवले होते, पण टिपूच्या लोकांनी ते वाटेतच पकडले, त्यामुळे इंग्रजांना पत्ताच नव्हता. मराठ्यांच्या मागून त्यांचा बाजार आला. त्यात धान्य होतं, बैल, मेंढ्या, कोंबड्या होत्या, सराफांच्या नाण्यांच्या राशी होत्या, काश्मिरी शालींपासून विलायती बनातीपर्यंत माल होता. उपाशी इंग्रज पलटणी त्या बाजारावर जगल्या. वाण्यांनी दर चढे लावले, इंग्रजांनी कुरकुर केली आणि मोजले. पण धान्य विकत मिळालं, आणि मित्र फौज जिवंत राहिली ती याच "बुणग्यांमुळे".

कॉर्नवॉलिस यातून जे शिकला ते पुढे इंग्रजांनी सोडलं नाही. बंगळूरला परतल्यावर त्याचा अधिकारी अलेक्झांडर रीड याने बंजाऱ्यांशी बोलणी केली, त्यांना पुढे यायला मोकळीक आणि रोकड दिली, आणि तांड्यांचे हजारो बैल छावणीत येऊ लागले. फेब्रुवारी 1792 मध्ये इंग्रज पुन्हा श्रीरंगपट्टणापुढे उभे राहिले तेव्हा उपासमार नव्हती. टिपूने तह केला. 1803 मध्ये आपल्या वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडावर भोसल्यांविरुद्ध आलेला वेलस्ली तांडे आणि बाजार यांच्याबाबत किती काटेकोर होता, ते त्याच्या पत्रांत दिसतं. आपलीच पद्धत त्याने रोख पैसा आणि कडक पहारा घालून आपल्याविरुद्ध वापरली. हे वाचताना आजही जिव्हारी लागतं.

परीट आणि पखालजी यांच्याबद्दल थोडं, कारण त्यांचं काम चुकलं तर माणसं शत्रूशिवाय मरतात. पखालजी बैलावर चामड्याची पखाल टाकून पाणी आणी. पखालीला तेल लागलं नाही तर ती तडकते, टाका उसवला तर अर्धं पाणी वाटेत जातं, म्हणून त्याच्याजवळ चांभार हवाच. परटाचं काम कूचाच्या दिवशी होत नाही. कपडे खारात भिजवायचे, भट्टीला लावून वाफवायचे, दगडावर आपटायचे, वाहत्या पाण्यात खळबळायचे आणि वाळवायचे, याला पूर्ण दिवस लागतो. ओले कपडे लादले तर वजन वाढतं आणि सगळा गठ्ठा कुबट होतो. त्यामुळे काही मजलांनंतर एखादा मुक्काम लागे, त्याच दिवशी नालबंद, चांभार आणि परीट तिघांची कामं उरकत. कपडे तसेच अंगावर राहिले तर आधी उवा होतात, मग खरूज, मग ताप.

नदीवर जागा वाटून दिलेली असायला हवी: प्रवाहाच्या वर पिण्याचं पाणी, खाली जनावरं, सगळ्यात खाली परटाचा घाट. उन्हाळ्यात नदीचे डोह होतात, प्रवाह थांबतो, आणि मग वर-खाली असं काही उरत नाही. फौजेला याची किंमत किती पडू शकते, ते नोव्हेंबर 1817 मध्ये बुंदेलखंडात दिसलं. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी शिरली. सगळ्यात जास्त मेले ते छावणीतले नोकर-चाकर. डोल्या उचलायला भोई उरले नाहीत, आणि ती छावणी उठवून बेटवेच्या काठी न्यावी लागली. त्याच महिन्यात इकडे नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली.

1821 मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी बसली. मद्रासच्या पलटणी आल्या, त्यांच्यामागे त्यांचे परीट, वाणी, कामकरी आले आणि कायमचे राहिले. कामठीचा गोरा बाजार आणि तिथली जुनी तेलुगू-तमीळ घराणी हा त्याच प्रवासाचा शेवटचा मुक्काम. 1867 मध्ये नागपूरला आगगाडी आली. वर मांडलेलं अठ्ठेचाळीस टन धान्य, ज्याला चारशे बैल लागत, ते पाच-सहा वाघिणींत मावू लागलं. लष्कराने तांड्याकडे वळून बघायचं थांबवलं आणि नायकांचा धंदा बसला. घोड्याचं गवत मात्र आगगाडीने सुटलं नाही. शिलेदारी घोडदळात दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक गवतकाप्या ठेवायची रीत विसाव्या शतकातही चालू होती, आणि त्या गवतकाप्याचा पगार सरकार देत नसे, ते दोन स्वार आपल्या पगारातून देत.